मे महिन्याचं मीठ, चवथीची बुरशी: दोन चामडी पट्ट्यांचं प्रकरण

चवथीला चार दिवस होते. डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान यायला लागलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. अशात मास्तर दुकानात आले. छत्री दाराशी उलटी उभी केली आणि काउंटरवर दोन घड्याळं ठेवली. एक रोजचं, सेलवर चालणारं, मनगटावरून आत्ताच उतरवलेलं. दुसरं मखमली डबीतलं, चावीचं एचएमटी जनता, त्यांच्या वडिलांचं. लग्नकार्य आणि चवथ सोडली तर हे दुसरं घड्याळ बाहेर निघत नाही.

"भाई, हे बघ. वापरलं नाही त्याला बुरशी, आणि वापरतो त्याला काही नाही. उलटं व्हायला हवं ना?"

दोन्ही घड्याळांना तपकिरी चामड्याचे पट्टे होते आणि दोन्ही पट्टे एकसारखे होते. मागच्या जानेवारीत मास्तरांनी ते एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतले होते. एचएमटीच्या पट्ट्यावर पांढरट-हिरवी बुरशी होती. लूपखाली ती दाट होती, भोकांपाशी विरळ. रोजच्या पट्ट्याला बुरशी नव्हती, पण बाकी सगळं होतं. अस्तर काळवंडलेलं, कडेने पांढरी नागमोडी रेघ, बकलाच्या भोकांभोवती शाई सांडावी तसे डाग, आणि पट्टा इतका कडक की काउंटरवर ठेवल्यावर मनगटाच्या आकारातच उभा राहिला. वासाचं सांगायलाच नको.

एकसारखे पट्टे आणि घर एकच असल्यामुळे काय कशामुळे झालं ते वेगळं काढता येणार होतं. म्हणून हे प्रकरण मी वहीत लिहून ठेवलं.

आधी विचारपूस

पट्टा हातात घेण्याआधी तो कुठे असतो आणि त्याचं काय काय केलं हे मी विचारून घेतो. मास्तर निवृत्त झालेत, पण सकाळी दोन-तीन तास कुळागरात असतात. रोजचं घड्याळ तिथेही हातात. पाऊस असला की वरून रेनकोट, त्याच्या बाहीला इलॅस्टिक, आणि ते इलॅस्टिक नेमकं पट्ट्यावर बसतं. घरी आले की हातपाय धुतात, आणि घड्याळ ओल्या मनगटावर तसंच राहतं. पट्टा कडक व्हायला लागला तेव्हा वहिनींनी त्याला खोबरेल तेल लावलं. दोन दिवस मऊ राहिला, मग पुन्हा कडक. मग तेल अधिक. जुलैमध्ये एकदा पूर्ण भिजला तेव्हा चुलीपाशी वाळवला.

एचएमटी मात्र मे महिन्यात भाच्याच्या लग्नात घातलं होतं. दुपारचा मुहूर्त, हॉलमध्ये पंखे आणि आठ-नऊ तास मनगटावर. रात्री घरी येऊन मास्तरांनी ते रुमालाने पुसलं, बकल लावून डबीत ठेवलं आणि डबी लोखंडी कपाटात गेली. कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं आणि भिंत चिऱ्याची. डबीत डांबराच्या दोन गोळ्या आणि फडक्यात बांधलेले मूठभर उकडे तांदूळ. तीन महिने कोणी हात लावला नाही.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशी असं नाही

चामड्यावर पांढरं येतं ते तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींवर इलाज वेगळा असतो. लोक तिन्ही प्रकार बुरशी समजून फडक्याने पुसून टाकतात आणि आठवड्याने तेच परत आलं की पट्ट्याला दोष देतात. पहिली खरी बुरशी. दुसरं मीठ, म्हणजे घामातला खार, जो पाणी उडून गेल्यावर मागे राहतो. तिसरी चरबी. चामडं कमावताना मऊपणासाठी त्यात तेलं-चरबी मुरवतात. त्यातला काही भाग कधीकधी वर येऊन मेणासारखा पांढरा थर धरतो.

दुकानात भिंग हाताशी असतं, त्यामुळे माझं काम सोपं होतं. दहापट भिंगाखाली एचएमटीच्या पट्ट्यावर कापसासारखे तंतू दिसत होते आणि काही तंतूंच्या टोकाला बारीक ठिपके. ही बुरशी. रोजच्या पट्ट्याच्या कडेची रेघ मात्र चमकत होती, दाणेदार, साखर सांडल्यासारखी. हे मीठ. भिंग नसेल तर पांढऱ्या भागावर कापसाच्या काडीने पाण्याचा एक थेंब ठेवावा. मीठ असेल तर ते विरघळून दिसेनासं होतं. नाहीसं झालं नाही तर हेअर ड्रायर लांब धरून कोमट वारा द्यावा. चरबी वितळून चामड्यात परत शिरते आणि डाग जातो. पाण्यालाही बधत नाही आणि कोमट वाऱ्यालाही नाही, वर कोंदट वास येतो, ती बुरशी.

रोजच्या पट्ट्याच्या भोकांभोवतीचे काळे डाग यात बसत नाहीत. ते घामाचे असले तरी नुसत्या घामाचे नाहीत. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई बनवत. हिरड्यातला तुरट अंश आणि हिराकशीतलं लोखंड मिळून तो काळा रंग तयार होतो. झाडाची साल किंवा हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात हाच तुरट अंश असतो. बकलाच्या जिभेवरचा मुलामा उडाला, आतलं लोखंड घामाने गंजलं, आणि पट्ट्यावर शाई तयार झाली. लिंबाचा रस लावून ती फिकट करणारे आहेत, पण आम्ल चामड्यातच राहतं आणि त्या जागी पट्टा पुढे चिरतो. मी डागाच्या मागे लागत नाही. बकल बदलतो, म्हणजे नवी शाई बनत नाही.

मिठाचा आकडा ७५

आता मास्तरांचा मूळ प्रश्न. न वापरलेल्याला बुरशी का?

जूनमध्ये आपल्या स्वयंपाकघरात काय होतं ते आठवा. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. हे हवेतलं पाणी आहे. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, त्याच्या खाली कोरडं राहतं. आगरातलं जाडं मीठ याहूनही आधी ओलं होतं, कारण त्यात पाणी ओढणारे इतर क्षार असतात. घामातलं मीठही असंच मिसळीचं असतं. त्यात लॅक्टेट असतं, युरिया असतो, तेही पाणी धरतात. आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ७५ च्या वर असणं हा अपवाद नाही, तो रोजचा दिवस आहे.

मे महिन्यात मास्तरांच्या मनगटावरचा घाम पट्ट्याच्या अस्तरात शिरला. पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. रुमालाने वरचा ओलावा टिपला जातो, आत शिरलेलं मीठ निघत नाही. त्या रात्री पट्टा हाताला कोरडा लागला असणार आणि तो खरंच बऱ्यापैकी कोरडा होता. जून उजाडला, कपाटातली हवा ओली झाली, आणि त्या मिठाने पट्ट्याच्या आत पाणी ओढायला सुरुवात केली. नुसतं चामडंही दमट हवेत पाणी घेतं. मीठवालं चामडं जास्त घेतं आणि ते सोडायला तयार नसतं.

बुरशीला पाणी, खाद्य आणि निवांतपणा लागतो. पाणी मिळालं. खाद्य म्हणजे चामड्यातली चरबी, त्वचेचं तेल, मळ, सगळं होतंच. निवांतपणा कपाटाने दिला. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि गार राहते. तिला टेकलेल्या लोखंडी पत्र्याजवळची हवा गार होते, आणि हवा गार झाली की तिच्यातल्या त्याच पाण्याने आर्द्रता वर जाते. डबीची मखमल आणि पुठ्ठा ती ओल धरून ठेवतात. बकल लावलेलं असल्यामुळे लूपखाली पट्ट्याचे दोन थर एकमेकांवर घट्ट बसले होते, तिथे हवा पोचतच नव्हती. बुरशी तिथेच सगळ्यात दाट होती.

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, त्या ओल कमी करत नाहीत. तांदूळही बिचारे त्याच दमट घरातले. त्यांनी आपल्यापुरतं पाणी आधीच घेतलेलं असतं, पट्ट्यातलं ओढून घ्यायला त्यांच्यात जागा उरत नाही. वर त्यांची भुकटी शिवणीत बसते, ती बुरशीला आणखी खाऊ.

रोजच्या पट्ट्यात मीठ कितीतरी जास्त होतं, तरी बुरशी आली नाही, कारण त्याला निवांतपणाच मिळाला नाही. रोज अंगाची ऊब, रोज घासणं, वाकणं, उजेड. बुरशीचे तंतू उभे राहायला काही दिवसांची शांतता लागते. हाच पट्टा उतरवून आठवडाभर त्या डबीत ठेवला असता तर एचएमटीपेक्षा आधी हिरवा झाला असता.

सोनाराचा काटा

मास्तरांना मिठाची गोष्ट पटली, पण ते मास्तर आहेत, पुरावा मागणारच. शेजारी सोनाराचं दुकान आहे. रोजच्या पट्ट्याचं बकल आणि पिना काढल्या आणि दोन्ही तुकडे त्याच्या काट्यावर ठेवले. संध्याकाळी भरले ९.६ ग्रॅम. रात्रभर पंख्याखाली टांगला, सकाळी ९.३. मग दोन दिवस सिलिका जेलच्या बंद डब्यात. तिसऱ्या दिवशी ८.५.

म्हणजे हाताला जेमतेम दमट वाटणाऱ्या पट्ट्यात एक ग्रॅमहून जास्त पाणी होतं. ड्रॉपरचे वीसेक थेंब समजा. आणि पावसाळ्यात रात्रभर पंखा लावून त्यातला साधारण पाव भागच निघाला. पंख्याची चूक नाही, तो दमट हवाच फिरवत होता. "रात्री काढून ठेवला की वाळतो" हा सल्ला पुण्याला ठीक असेल. इथे जुलैमध्ये तो अर्धवट आहे.

कडकपणा कुठून आला

रोजचा पट्टा वाचणार नव्हता, म्हणून मास्तरांच्या परवानगीने तो ब्लेडने आडवा कापला. कापलेली बाजू भिंगाखाली धरली आणि मास्तरांना दाखवली. वर साधारण एक मिलिमीटर चामडं, खाली अस्तराचं पातळ चामडं, आणि मध्ये राखाडी पुठ्ठा. पट्टा भरदार दिसावा म्हणून स्वस्त पट्ट्यांत मध्ये असं भरण घालतात. घाम आणि पाणी पिऊन तो पुठ्ठा फुगला होता, वाळून गोळे झाले होते, आणि वाळताना मनगटाचा बाक घेऊन तसाच घट्ट झाला होता. इतकं खोबरेल जिरवलं ते याच पुठ्ठ्यात गेलं. वास त्याचाच होता.

चामडंही कडक झालं होतं, पण त्याचं कारण वेगळं. चामडं म्हणजे बारीक धाग्यांची गुंतवळ. धाग्यांमध्ये तेल असतं म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. पुन्हापुन्हा भिजून वाळताना तेल निघून जातं किंवा जागा बदलतं, धागे एकमेकांना चिकटतात, आणि मधल्या फटींत मीठ बसतं. त्यात चुलीपाशी वाळवणं. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं, पण भिजलेलं सोसत नाही. सालीने कमावलेलं ओलं चामडं ७५-८० अंश सेल्सिअसच्या आसपास आकसतं. आणि आकसलेलं चामडं परत पूर्वीसारखं होत नाही, कोणतंही क्रीम लावा. हेअर ड्रायर जवळ धरणं, इस्त्री, चूल आणि फ्रिजच्या मागची गरम जाळी यांना मी म्हणूनच साफ मनाई करतो.

खोबरेलाबद्दल वहिनींना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, की तेलाने पट्टा मऊ होतो हे खरंच आहे. पण ते तेल हाताला लागतं, अस्तर काळं करतं, घाम धरतं, कालांतराने खवट होतं आणि बुरशीला आवडतं. त्यांचा प्रश्न रास्त होता, "मग घरात दुसरं काय असतं, भाई?" काही नसतं. न लावणं बरं.

एचएमटीच्या पट्ट्यावरचं काम

पुठ्ठा आहे हे कळल्यामुळे या पट्ट्यावर पाणी जपून वापरायचं ठरवलं. आधी पट्टा घड्याळापासून वेगळा केला, कारण जनता पाणी सोसणारं घड्याळ नाही. काम दुकानाच्या मागच्या पडवीत, नाकावर मास्क लावून. घरात ब्रश मारला की बुरशीचे बीजाणू बाकीच्या चामड्यावर जाऊन बसतात, मग चपलांपासून पर्सपर्यंत सगळीकडे तेच.

पहिला ब्रश कोरडा. ओलं फडकं आधी फिरवलं की बुरशी चामड्याच्या छिद्रांत आणि शिवणीत चोळली जाते. मऊ ब्रशने वरचा भाग, मग अस्तर, मग शिवणीचे टाके, भोकांच्या आत, आणि शेवटी लूपची आतली बाजू, जी सगळे विसरतात. नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन घट्ट पिळलं आणि आधी बकलाखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहिलं. कापसावर थोडा तपकिरी रंग आला. म्हणजे वरच्या रंगावर हे चालणार नाही. त्यामुळे अल्कोहोल फक्त अस्तराला, शिवणीला आणि लूपच्या आत लावलं. वरचा भाग नुसत्या दमट फडक्याने पुसला. ब्लीच कधीच नाही. ते चामड्याचे धागेच खातं.

रात्रभर पंखा. दुसऱ्या दिवशी मीठ काढायचं काम. यासाठी डिस्टिल्ड पाणी घेतलं, जे गाडीच्या बॅटरीत घालतात. (आणताना बाटलीवर पाणी लिहिलंय की ॲसिड ते वाचा, दोन्ही एकाच फळीवर असतात.) विहिरीचं पाणी मी वापरत नाही. आपल्या लाल मातीतल्या पाण्यात लोखंड असू शकतं आणि तुरट चामड्यावर त्याची पुन्हा शाई होते.

कापसाचा बोळा पाण्यात बुडवून इतका पिळला की दाबल्यावर थेंब पडू नये. अस्तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं, डागापुरतं नाही. फक्त डाग पुसला तर पाणी त्याच्या कडेपर्यंत पसरतं, तिथे वाळतं, आणि मीठ नवीन वर्तुळ करून बसतं. पहिला बोळा चहाच्या रंगाचा झाला. तासभर वाळू दिलं, दुसरा बोळा. असे चार. चौथ्या बोळ्यावर रंग जवळपास नव्हता. दुसऱ्या दिवशी कडेला पुसट पांढरी रेघ परत दिसली, म्हणजे आतलं मीठ बाहेर येत होतं. ते चांगलंच. आणखी दोन बोळे. त्यानंतर रेघ आली नाही.

वाळताना पट्टा सपाट ठेवला नाही. सोड्याच्या बाटलीवर सैल गुंडाळला आणि अर्धवट वाळल्यावर बोटांनी हळूहळू वाकवत राहिलो, दिवसातून तीन-चारदा. धागे चिकटायच्या आतच त्यांना हलवायचं. पूर्ण वाळल्यावर वरच्या बाजूला बिनरंगाचं लेदर क्रीम, तुरीच्या दाण्याएवढं, दोन्ही तुकड्यांना मिळून. अस्तराला काहीच लावलं नाही. अस्तराला घाम घ्यायचा आणि सोडायचा असतो. तिथे क्रीम चोपडलं की ते चिकट होतं आणि मीठ आतच कोंडलं जातं. ओल्या पट्ट्याला क्रीम लावण्याची घाईही याच कारणाने करू नये.

चवथीच्या आदल्या दिवशी घड्याळ परत दिलं. लूपखाली फिकट ठिपके राहिले होते. बुरशीने तिथला रंग खाल्ला होता. तो परत येत नाही. मास्तर म्हणाले, "ते माझ्या ध्यानात राहायला बरं."

डबा

खरं काम पुढचं होतं. पट्टा पुन्हा त्याच कपाटात गेला असता तर दिवाळीपर्यंत परत माझ्याकडे आला असता.

मखमली डबी बाद केली. रबरी कडा असलेला, चारी बाजूंनी क्लिप लागणारा प्लास्टिकचा डबा घेतला, दीड-दोन लिटरचा. स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट वाटलं तरी हवा आत-बाहेर करतं. आत सिलिका जेल १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, पाणी भरलं की ते हिरवट होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, घरात नको. दाणे हिरवे झाले की जुन्या, स्वयंपाकातून काढलेल्या तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहायचं, नारिंगी होईपर्यंत. जास्त आच दिली तर ते काळपट पडतात आणि रंग पुन्हा बदलत नाहीत.

स्वस्त मापक खोटं बोलतं, त्यामुळे ते आधी तपासलं. इथे आपला ७५ चा आकडा पुन्हा कामी येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब घातले, इतकेच की ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं. बंद जागेत ओलं मीठ हवा ७५ टक्क्यांवर आणून थांबवतं. सकाळी मास्तरांच्या मापकाने ७९ दाखवलं. म्हणजे ते चार जास्त दाखवतं. झाकणावर मार्करने लिहिलं, "४ वजा".

डब्यात ४५ ते ५५ ठेवायचं. ६५ ओलांडलं की बुरशीचं दार उघडतं. फार खाली, ३५-४० च्या आत गेलं तर चामडं सुकून तडकतं, तेव्हा जेलची अर्धी पिशवी काढायची. आणि मनगटावरून उतरवलेला पट्टा थेट डब्यात टाकायचा नाही. आधी अस्तर दमट बोळ्याने पुसायचं, एक रात्र बकल उघडं ठेवून खिळ्याला टांगायचं, मग डबा. ओला पट्टा बंद डब्यात टाकला तर जेल एका रात्रीत थकतं आणि तो डबा म्हणजे दुसरी मखमली डबी होते.

रोजच्या घड्याळासाठी मी मास्तरांना चामड्याचा पट्टा विकला नाही. जून ते सप्टेंबर नायलॉनचा. कुळागरातून आलं की साबणाने धुवायचा आणि दांडीवर टाकायचा. चामड्याचा नवा पट्टा ऑक्टोबरनंतर. तोही आत पुठ्ठा नसलेला, दोन चामडी थर एकमेकांवर शिवलेला. दुकानात तो ओळखायचा असेल तर पट्टा जोरात दुमडा. पुठ्ठा असेल तर तो एका जागी मोडल्यासारखा कोन करतो. नुसतं चामडं असेल तर गोल वळतं. बांधायचा एक भोक सैल, करंगळी आत जाईल इतका. हात धुताना घड्याळ उतरवायचं आणि मनगट टॉवेलने कोरडं करूनच परत घालायचं. डासांचं क्रीम लावलं असेल तर ते पूर्ण जिरल्यावर. त्यातल्या काही क्रीमांत डीट असतं, ते प्लास्टिकचे थर विरघळवतं, आणि बऱ्याच पट्ट्यांचा वरचा चकचकीत भाग प्लास्टिकचाच असतो.

पुढचं वर्ष

मे महिन्यात मास्तरांनी एचएमटी दोनदा घातलं, एकदा मुंजीला आणि एकदा मठातल्या कार्यक्रमाला. दोन्ही वेळा रात्री बॅटरीच्या पाण्याने अस्तर पुसलं. वहिनी म्हणाल्या, बोळा दोन्ही वेळा पिवळा निघाला.

जुलैच्या शेवटी मास्तरांचा फोन आला. मापक ६८ दाखवतंय, म्हणजे चार वजा जाऊन ६४. नातवाने घड्याळ बघायला डबा उघडला होता आणि एक क्लिप लागायची राहिली होती, किती दिवस ते कोणालाच ठाऊक नाही. जेल हिरवं झालं होतं. पट्टा बाहेर काढून लूपची आतली बाजू बघायला सांगितलं. फोनवरच त्यांनी भिंग शोधलं, पेपर वाचायचं. "काही नाही," म्हणाले, मग थोड्या वेळाने, "वास पण नाही." जेल तव्यावर भाजून परत घातलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५३.

चवथीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आरती चालू होती. माटोळीखाली तीस-एक माणसं, दिवे, कापूर, पंखा बंद. मास्तर घामाने निथळत टाळ वाजवत होते आणि एचएमटी त्यांच्या हातावर. आरती संपली, प्रसाद घेतला, आणि वहिनींनी काही न बोलता कापसाचा बोळा आणि पाण्याची बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली.